घंटी दाबली, तरी व्हिडिओ का दिसत नाही?

शिवणकाम शिकवणारं माझं एक छोटं यूट्यूब चॅनेल आहे. ब्लाऊजचं कटिंग, अस्तर लावणं, गळ्याचे प्रकार, असं सगळं. सबस्क्रायबर ४,२०० झाले तेव्हा मला वाटायचं, नवा व्हिडिओ टाकला की निदान हजारभर जणींच्या फोनवर तरी टिंग वाजत असेल. मग एकदा इस्लामपूरची मावशी फोनवर म्हणाली, "अगं, तुझं नवीन काही येतच नाही बघ माझ्याकडं. बंद केलंस का?" मी तर त्याच आठवड्यात दोन व्हिडिओ टाकले होते. आणि मावशीने घंटी दाबलेली होती, कारण ती मीच तिच्या फोनवर दाबून दिली होती.

तिथून मी शोधायला लागले. जे सापडलं ते ज्या क्रमाने तपासायला हवं, त्या क्रमाने लिहिते आहे. लेख यूट्यूबपुरताच आहे. माझा ॲप इंग्रजीत असल्यामुळे पडद्यावरची नावं तशीच दिली आहेत.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- यूट्यूब स्टुडिओ, शक्यतो कॉम्प्युटरवर. फोनवरच्या स्टुडिओ ॲपमध्ये काही गोष्टी शोधायला त्रास होतो.
- घरातला दुसरा एखादा फोन, ज्यात वेगळं गूगल अकाउंट आहे आणि त्या अकाउंटवरून तुमचं चॅनेल सबस्क्राइब केलेलं आहे. माझ्याकडे हे काम यजमानांचा फोन करतो.
- एक वही.

१. आधी घंटीचे तीन प्रकार समजून घ्या

सबस्क्राइब केलं म्हणजे घंटी पूर्ण वाजायला लागली असं नाही. सबस्क्राइब केल्यावर घंटी आपोआप 'Personalized' वर बसते. म्हणजे कोणत्या व्हिडिओचं नोटिफिकेशन द्यायचं ते यूट्यूब ठरवतं. ती बाई तुमचे व्हिडिओ किती वेळा बघते, तिची वॉच हिस्टरी काय सांगते, आलेली नोटिफिकेशन ती उघडते का, यावरून हा अंदाज बांधला जातो. तीन महिन्यांत तुमचा एकच व्हिडिओ बघितलेल्या बाईला पुढच्या व्हिडिओचं नोटिफिकेशन मिळण्याची आशा धरू नका.

'Subscribed' बटणावर पुन्हा टिचकी मारली की यादी उघडते: 'All', 'Personalized', 'None'. प्रत्येक व्हिडिओचं नोटिफिकेशन हवं असेल तर 'All' स्वतःहून निवडावं लागतं. व्हिडिओत "बेल आयकॉन दाबा" म्हणतात ते याचसाठी. पण ऐकणाऱ्या बहुतेकींना दाबल्यावर पुढे एक यादी येते आणि त्यातलं पहिलं निवडायचं असतं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण यात फार घोळ होतो. ॲपच्या खालच्या पट्टीत 'Subscriptions' असा भाग असतो. तिथे सबस्क्राइब केलेल्या चॅनेलचे नवे व्हिडिओ येतात, आणि त्याचा घंटीशी संबंध नाही. घंटी 'None' असली तरी तुमचा व्हिडिओ तिथे दिसतो. अडचण एवढीच, की बहुतेक जणी ॲप उघडतात आणि होम पानावर समोर येईल ते बघतात.

पूर्वी नव्या व्हिडिओचा ई-मेलही यायचा. यूट्यूबने तो ऑगस्ट २०२० मध्ये बंद केला. असे ई-मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण ०.१ टक्क्याहूनही कमी होतं, असं कारण तेव्हा त्यांनी दिलं. तेव्हा कुणी "मला मेल येत नाही" म्हणालं, तर तुमच्याकडून काही बिघडलेलं नाही.

२. स्वतःचे आकडे काढा

स्टुडिओत Analytics उघडा, त्यात Audience. खाली सरकलात की 'Subscriber bell notifications' नावाची चौकट दिसेल. तिथे दोन टक्केवाऱ्या असतात आणि त्यांच्यातला फरक हाच सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. पहिली टक्केवारी तुमच्या चॅनेलसाठी 'All' निवडलेल्या सबस्क्रायबरांची. दुसरी, त्यांच्यापैकी ज्यांच्या फोनवर यूट्यूबची नोटिफिकेशन मुळात चालू आहेत त्यांची. यूट्यूब तिथेच सर्वसाधारण प्रमाणही दाखवतं: पहिल्यासाठी १० ते ३० टक्के, दुसऱ्यासाठी ५ ते २० टक्के.

माझे तेव्हाचे आकडे वहीत आहेत. ४,२०० सबस्क्रायबर. 'All' निवडलेल्या १६ टक्के, म्हणजे ६७२. त्यातल्या फोनवर नोटिफिकेशन चालू असलेल्या एकूण सबस्क्रायबरांच्या ९ टक्के, म्हणजे ३७८.

मग एका व्हिडिओचं Analytics उघडून Reach मध्ये गेले. व्हिडिओ कटोरी ब्लाऊजचा होता. पाठवलेली बेल नोटिफिकेशन ३७१. त्यावर टिचकी मारून व्हिडिओ बघितलेल्या ८.

आठ. मी तो आकडा तीनदा वाचला.

८ भागिले ३७१ म्हणजे साधारण २.२ टक्के. मला वाटलं आपलं काहीतरी भयंकर चुकतंय. पण यूट्यूब स्वतःच इथे नेहमीचं प्रमाण ०.५ ते २.५ टक्के सांगतं, म्हणजे माझा आकडा वरच्या टोकाला होता. हे कळल्यावर घंटीकडून नेमकी किती अपेक्षा ठेवायची ते ठरलं. त्या व्हिडिओला पहिल्या दिवसात ६४० व्ह्यू आले होते. त्यातले आठ घंटीचे, बाकीचे होम पान, सर्च आणि 'Subscriptions' मधून आलेले.

तरी आठ हा आकडा जरा फसवाही आहे. नोटिफिकेशन बघून "भांडी झाली की बघते" म्हणणारी बाई दुपारी ॲप उघडून होम पानावरून व्हिडिओ लावते, तेव्हा तिची मोजणी घंटीत होत नाही. त्यामुळे घंटीचा खरा उपयोग आठपेक्षा जास्त असतो. किती जास्त, ते मोजायला आपल्याकडे काही साधन नाही.

आता तुमचे आकडे बघा. पहिली टक्केवारी १० च्या खाली असेल तर लोकांनी 'All' निवडलेलंच नाही, तुम्ही थेट ६ व्या मुद्द्याकडे जा. पहिली बरी आणि दुसरी तिच्या निम्म्याहून कमी असेल तर अडचण प्रेक्षकांच्या फोनमध्ये आहे. दोन्ही ठीक, पण एखाद्याच व्हिडिओची पाठवलेली नोटिफिकेशन शून्य किंवा अगदी थोडी दिसत असतील, तर चूक अपलोड करताना झाली आहे.

३. प्रेक्षकाच्या फोनमधली चार दारं

दिवाळीत मावशीकडे गेले तेव्हा तिचा फोन घेऊन बसले. ती शेजारी करंज्यांना मुरड घालत होती आणि मधूनमधून "काही उडवू नकोस हां त्यातलं" म्हणत होती. मला दारं सापडली ती अशी.

पहिलं दार: अकाउंट. मावशीच्या फोनवर दोन गूगल अकाउंट होती, एक तिचं, एक तिच्या नातवाचं. नातवाने खेळायला फोन घेतला होता तेव्हापासून यूट्यूब त्याच्या अकाउंटवर होतं. त्या अकाउंटवर मी सबस्क्राइबच नव्हते. उजवीकडे कोपऱ्यातल्या फोटोवर टिचकी मारून कोणतं अकाउंट चालू आहे ते आधी बघा. एका फोनवर घरातले तिघं यूट्यूब बघतात अशा घरांत हे सर्रास आढळेल.

दुसरं दार: यूट्यूबचं स्वतःचं सेटिंग. ॲपमध्ये Settings, मग Notifications. इथे 'Subscriptions' नावाचं बटण असतं. ते बंद असेल तर तुमच्या चॅनेलची घंटी 'All' असूनही काही वाजत नाही. "फार नोटिफिकेशन येतात" म्हणून कुणीतरी एकदा सगळंच बंद केलेलं असतं. याच पानावर 'Scheduled digest' आहे. ते चालू असलं की दिवसभराची सगळी नोटिफिकेशन ठरलेल्या वेळी एकत्र येतात. तुम्ही दुपारी टाकलेला व्हिडिओ मग रात्री इतर दहा चॅनेलच्या गठ्ठ्यात येतो.

तिसरं दार: फोनची परवानगी. ॲपमध्ये सगळं चालू आणि फोनमध्ये बंद, हा प्रकार मला सगळ्यात जास्त सापडला. अँड्रॉइड १३ पासून नवा ॲप टाकला की तो नोटिफिकेशनची परवानगी विचारतो. खिडकी उघडली की घाईत नको म्हणायची सवय अनेकींना असते. दोनदा नाकारलं की ॲप पुन्हा विचारू शकत नाही. नवा फोन घेतलेल्या बायकांकडे हमखास हेच झालेलं असतं. अँड्रॉइडमध्ये Settings, Apps, YouTube, Notifications या वाटेने जाऊन चालू करा. आयफोनमध्ये Settings, Notifications, YouTube. काही फोनमध्ये नावं थोडी इकडेतिकडे असतात, पण वाट हीच.

चौथं दार: फोनचा कंजूषपणा. बॅटरी वाचवण्यासाठी काही फोन मागे चालणारे ॲप झोपवून ठेवतात. मग नोटिफिकेशन येतं, पण यूट्यूब उघडल्यावरच. मावशीच्या फोनवर बॅटरी सेव्हर कायम चालू होता, कारण दुकानदाराने "यानं बॅटरी टिकते" म्हणून तो लावूनच दिला होता.

मावशीकडे पहिलं, तिसरं आणि चौथं अशी तीन दारं बंद निघाली. मी आधी घंटी दाबून दिली होती ती चौकटीला तोरण लावून दार बंद ठेवल्यासारखी होती.

एक सोय मात्र सगळ्यांना सांगून ठेवा. फोनवर टिंग वाजलं नाही तरी, अकाउंट बरोबर असेल आणि घंटी 'All' असेल, तर यूट्यूब ॲपमध्ये वर जी घंटी दिसते तिच्या यादीत नोटिफिकेशन पडलेलं असतं. तिथेही नसेल तर प्रश्न फोनचा नाही, अकाउंटचा, चॅनेलच्या घंटीचा किंवा तुमच्या अपलोडचा आहे. कुणी तक्रार केली की मी आधी एवढंच विचारते: "वरच्या घंटीत दिसतं का?" निम्मा शोध तिथेच संपतो.

यात अलीकडे आणखी एक भर पडली आहे. ज्यांनी 'All' निवडलंय पण बरेच दिवस त्या चॅनेलकडे फिरकलेले नाहीत, त्यांच्या फोनवर टिंग पाठवायचं नाही, नोटिफिकेशन फक्त ॲपमधल्या यादीत ठेवायचं, असा प्रयोग यूट्यूबने २०२५ मध्ये जाहीर केला. लोक वैतागून सगळ्याच ॲपची नोटिफिकेशन बंद करतात, ते टाळायचा हा प्रयत्न. तुम्ही चार महिने सुट्टी घेऊन परत आलात आणि घंटी थंड वाटली, तर हेही कारण असू शकतं.

४. आपल्या हातून होणाऱ्या तीन चुका

यातल्या दोन मी स्वतः केल्या आहेत.

पहिली माझी. एकदा लहान मुलीच्या फ्रॉकचा व्हिडिओ टाकला. अपलोड करताना विचारतात, हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का? फ्रॉक मुलीचाच, म्हणून मी 'Yes, it's made for kids' वर खूण केली. त्या प्रश्नाचा अर्थ "मुलांविषयी आहे का" असा नाही, "बघणारे मूल असावं म्हणून बनवलाय का" असा आहे. फ्रॉक शिवणारी आई बघणार, मूल नाही. मुलांसाठीचा म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओची नोटिफिकेशन जात नाहीत, त्यावर कॉमेंटही करता येत नाहीत. मला कळलं ते कॉमेंट बंद दिसल्या म्हणून, दुसऱ्या दिवशी. खूण बदलली, पण व्हिडिओ प्रसिद्ध होण्याचा क्षण निघून गेला होता. ज्यांची चॅनेल खरंच लहान मुलांसाठी आहेत त्यांनी घंटीचा विचारच सोडून द्यावा, त्यांना ती सोय नाही.

दुसरीही माझीच. सलवारीच्या मालिकेचे पाच भाग तयार होते, ते एकाच दिवशी टाकून मोकळी झाले. एका चॅनेलकडून एका सबस्क्रायबरला २४ तासांत नव्या व्हिडिओची जास्तीत जास्त तीनच नोटिफिकेशन जातात. चौथ्या आणि पाचव्या भागाचं कुणालाच काही कळलं नाही, आणि नेमका पाचव्यात नेफा लावायचा होता. लाइव्हचं नोटिफिकेशनही याच तिनात मोजलं जातं.

तिसरी चूक मैत्रिणीची. अपलोडच्या पानावर 'Show more' दाबलं की खाली 'Publish to subscriptions feed and notify subscribers' अशी चौकट असते. ती आपोआप टिक केलेली असते. मैत्रिणीने जुने व्हिडिओ दुसऱ्या चॅनेलवर हलवताना ती टिक काढली, ते बरोबरच होतं. मग नव्या व्हिडिओसाठी जुन्याच सवयीने पुन्हा काढली. ही टिक काढली की नोटिफिकेशन तर जात नाहीच, शिवाय व्हिडिओ 'Subscriptions' मध्येही येत नाही. प्रसिद्ध झाल्यावर टिक परत लावून काही उपयोग होत नाही, म्हणून हे आधी बघायचं.

उलट, ही टिक मुद्दाम काढण्याचीही वेळ असते. एका दिवसात पाच व्हिडिओ टाकायचेच असतील, तर कोणत्या तिनांचं नोटिफिकेशन जावं ते तुम्ही ठरवा आणि बाकी दोघांची टिक काढा.

५. वेळ

मी सुरुवातीला पोरं झोपल्यावर, साडेदहाच्या सुमारास व्हिडिओ टाकायचे. यूट्यूब ॲपच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये 'Disable sounds & vibrations' आहे, आणि ते मुळातच रात्री १० ते सकाळी ८ असं लावलेलं असतं. कुणी बदललं नसेल तर रात्री साडेदहाचं नोटिफिकेशन गुपचूप येऊन पडतं. सकाळी त्यावर शुभ सकाळचे फोटो, बँकेचे संदेश आणि भाजीच्या ॲपची सूट असा ढीग चढलेला असतो.

आता मी रात्रीच अपलोड करते, पण प्रसिद्ध करायची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची लावते. Visibility मध्ये 'Schedule' आहे. नोटिफिकेशन व्हिडिओ सगळ्यांना दिसायला लागतो तेव्हा जातं, अपलोडच्या वेळी नाही. याचा दुसरा फायदा असा, की रात्रभरात एचडी प्रक्रिया पूर्ण होते. नाहीतर घंटी ऐकून सगळ्यात आधी येणाऱ्या बायकांनाच अंधुक व्हिडिओ दिसतो, आणि शिवणीचे टाके दिसले नाहीत तर शिवणकामाच्या व्हिडिओचा काय उपयोग.

दोनच का? माझ्या बघणाऱ्या बहुतेक गृहिणी, त्यांचं जेवणखाण तेव्हा उरकलेलं असतं. तुमच्या चॅनेलसाठी Audience मध्येच 'When your viewers are on YouTube' हा जांभळा तक्ता बघा आणि गडद पट्ट्याच्या तासभर आधीची वेळ धरा. तक्ता दिसत नसेल तर चॅनेल अजून लहान आहे, तोवर ओळखीच्या पाच जणींना विचारलं तरी चालतं.

६. 'All' निवडायला सांगायचं कसं

"लाइक, शेअर, सबस्क्राइब आणि बेल आयकॉन" ही आरती आता कुणी ऐकत नाही. मी ती सोडली. त्याऐवजी एका व्हिडिओत, शेवटाकडे, फोनचा पडदा दाखवला: 'Subscribed' वर टिचकी, यादी उघडली, 'All' निवडलं. पंधरा सेकंद. आणि कारण सांगितलं, की ही चार भागांची मालिका आहे, पुढचा भाग गुरुवारी दोनला, तो चुकला तर बाहीचं माप जमणार नाही. मालिका असेल तेव्हाच मी हे सांगते. एकट्यादुकट्या व्हिडिओत सांगून फरक पडलेला मला दिसला नाही.

चॅनेलच्या पत्त्यापुढे एक शेपूट जोडून तयार केलेली लिंकही उपयोगी पडते:

```
https://www.youtube.com/@तुमचे_हँडल?sub_confirmation=1
```

ती उघडली की सबस्क्राइब करायचं का असं विचारणारी खिडकी येते. पण ती फक्त सबस्क्राइबपुरती. घंटी तरीही 'Personalized' वरच राहते, तेव्हा लिंकसोबत 'All' ची सूचना एका ओळीत लिहा.

आणि ज्या चाळीस-पन्नास जणींपर्यंत व्हिडिओ पोहोचायलाच हवा, त्यांच्यासाठी मी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट ठेवली आहे. तिची मर्यादा २५६ जणांची, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश जातो. माझ्या क्लासच्या मुली तिथूनच येतात.

७. पुढच्या व्हिडिओला करून बघा

दुसऱ्या फोनवर घंटी 'All' आहे याची खात्री करा, चारही दारं उघडा आणि व्हिडिओ दुपारच्या वेळेला लावा. प्रसिद्ध झाल्यावर त्या फोनवर टिंग वाजतं का बघा, आणि तासाभरातही वाजलं नाही तर वरच्या घंटीतली यादी बघा. दोन दिवसांनी Reach मध्ये जाऊन पाठवलेली नोटिफिकेशन आणि त्यावरून आलेले व्ह्यू वहीत उतरवा. एका व्हिडिओवरून काही ठरवू नका, पाच-सहा झाले की चित्र दिसायला लागतं.

माझ्या वहीत वेळ बदलल्यानंतरचे सहा व्हिडिओ आहेत. घंटीवरून आलेल्या ११, ९, १४, १०, ७, १३. सात आहे तो रविवारचा. चौदातली एक इस्लामपूरची, तिने त्याच दुपारी फोन केला होता: "वाजली गं घंटी! पण तू त्यात दोऱ्याचा रंग चुकीचा घेतलायस."